लिनिअर प्रोबिंग खरोखरच मोडीत निघाले आहे का?

«लिनिअर प्रोबिंग आता मोडीत काढावे. डबल हॅशिंगला नेहमीच कमी प्रोब लागतात, कुकू हॅशिंगमध्ये तर दोनच जागा पाहायच्या असतात, आणि शिवाय टेबल काठोकाठ भरता येते.»

हा दावा हॅश टेबलाबद्दल आहे. त्यात हॅश फंक्शन कीवरून खणाचा क्रमांक, म्हणजे तिचे मूळ घर, काढते; तो खण दुसऱ्या कीने भरलेला असेल, तर आणखी खण पाहावे लागतात, आणि असे प्रत्येक पाहणे म्हणजे एक प्रोब. लिनिअर प्रोबिंग शेजारचा पुढचा खण पाहते, डबल हॅशिंग दुसऱ्या हॅशने ठरवलेल्या अंतरावर उडी मारते. दाव्यातले प्रोबच्या संख्येबद्दलचे विधान कागदावर बरोबरच आहे. टेबलात नसलेली की शोधताना सरासरी किती खण पाहावे लागतात, याची सूत्रे पुढे दिली आहेत. त्यांत a म्हणजे टेबलाचा भरलेला अंश, आणि पहिले सूत्र डोनाल्ड कनुथ यांनी १९६३ साली मांडलेले आहे.

```
लिनिअर:  (1 + 1/(1-a)^2) / 2
डबल:     1/(1-a)
```

टेबल ७० टक्के भरलेले असेल तर लिनिअरला सुमारे ६ खण पाहावे लागतात आणि डबलला ३.३. पण प्रोसेसर मेमरीतून एकेक खण उचलत नाही. तो बहुधा ६४ बाइटांचा सलग तुकडा, म्हणजे अख्खी कॅश लाइन, आपल्या जवळच्या वेगवान मेमरीत, कॅशमध्ये, आणतो, आणि वेळ जातो तो ती आणण्यात. ८ बाइटांची की आणि ८ बाइटांचे मूल्य असा १६ बाइटांचा खण धरला, तर एका लाइनीत ४ खण बसतात. लिनिअरमध्ये पुढचा खण शेजारचाच असल्यामुळे दर चार पावलांत सरासरी एकदाच नवी लाइन लागते, म्हणजे पहिली एक आणि उरलेल्या ५ पावलांच्या सव्वा, मिळून सुमारे २.३ लाइनी. डबल हॅशिंगची प्रत्येक उडी टेबलात दूर कुठेतरी पडते, त्यामुळे कॅशमध्ये न मावणाऱ्या मोठ्या टेबलात त्याचे ३.३ प्रोब म्हणजे जवळपास ३.३ लाइनीच.

हा फायदा अमर्याद नाही, हेही मान्य केले पाहिजे. ९० टक्क्यांवर नसलेली की शोधायला लिनिअरला सरासरी ५०.५ प्रोब, म्हणजे १३.४ लाइनी लागतात आणि डबलचे काम १०मध्ये भागते. खणच ६४ बाइटांचा असेल, तर शेजाराचा उपयोगच संपतो आणि वरचे विधान जसेच्या तसे खरे ठरते. चूक आहे ती «नेहमीच» या शब्दात.

कुकू हॅशिंगमध्ये प्रत्येक कीला दोन हॅशनी ठरवलेल्या दोनच जागा असतात, आणि जागा भरलेली असेल तर नवी की तिथल्या कीला तिच्या दुसऱ्या जागी हुसकावते. दाव्यातल्या कुकूबद्दलच्या वाक्यात दोन वेगळ्या रचनांचे गुण एकत्र केलेले आहेत. पाघ आणि रोडलर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या मूळ रचनेत एका जागी एकच की राहते, शोध दोन जागांत नक्की संपतो, पण टेबल निम्म्याहून कमीच भरता येते. तेवढ्याच, म्हणजे ५० टक्के भरलेल्या लिनिअर टेबलात नसलेली की सुमारे १.४ लाइनींत कळते. कुकूला दोन्ही जागा पाहाव्याच लागतात. (त्या दोन्ही एकाच वेळी मागवता येतात, म्हणून वेळ दुप्पट होत नाही, हे खरे.) आणि तीन कींच्या नशिबी ५ आणि ११ हीच दोन खणांची जोडी आली, तर बाकी टेबल रिकामे असले तरी तिसरीला जागा नाही, नवी हॅश फंक्शने घेऊन सगळे पुन्हा मांडावे लागते.

काठोकाठ भरते ती रचना निराळी: दोन हॅश, पण प्रत्येक जागी चार खणांचा कप्पा. मोठ्या टेबलात तिची मर्यादा सुमारे ९८ टक्के आहे. आपल्या उदाहरणात असा कप्पा बरोबर एका कॅश लाइनीत बसतो, त्यामुळे ९० टक्क्यांवर दोन लाइनी विरुद्ध १३.४ असा सामना होतो आणि तिथे मी बेलाशक कुकू घेईन. त्याची किंमत मात्र की घालताना मोजावी लागते. मर्यादेजवळ एक की घालायला अनेकींना हुसकावून दुसऱ्या घरी पाठवावे लागते आणि प्रत्येक हुसकावणी दूरची लाइन आणते. एका भरतीत जास्तीत जास्त किती हुसकावण्या झाल्या याचा मोजक ठेवला, तर तो चढू लागताच टेबल मोठे करायची वेळ झाली हे समजते.

की काढून टाकण्याचा मुद्दा त्या दाव्यात नाहीच, आणि डबल हॅशिंगची खरी अडचण तिथेच आहे. खण नुसता रिकामा केला तर त्यावरून पुढे गेलेल्या कींचा माग तुटतो, म्हणून तिथे «मृत» अशी खूण ठेवावी लागते. नसलेली की शोधताना ही खूण भरलेल्या खणासारखीच ओलांडावी लागते. ५० टक्के जिवंत की आणि ४० टक्के खुणा असलेले टेबल ९० टक्के भरल्यासारखेच, सरासरी १० प्रोब घेऊन चालते. लिनिअरमध्ये खुणेची गरज नाही. समजा ४, ५, ६ या खणांतील कींची मूळ घरे अनुक्रमे ४, ४, ५ आहेत आणि ७ रिकामा आहे. चौथा खण मोकळा केला की पाचव्यातली की चौथ्यात आणि सहाव्यातली पाचव्यात सरकवायची. सहावा रिकामा होतो आणि सातव्यापाशी काम थांबते.

वरचे सगळे आकडे हॅश विखुरलेला आहे असे धरून आहेत. ४०९६च्या पटीतले आयडी तसेच्या तसे हॅश म्हणून घेतले, तर २ चा २०वा घात इतक्या खणांच्या टेबलात त्यांना फक्त २५६ मूळ घरे मिळतात आणि लिनिअरमध्ये लांबच लांब रांगा लागतात. टेबल अर्धेही भरलेले नसताना सर्वांत लांब शोध हजारो खणांचा निघाला, तर आधी हॅश फंक्शन बदलावे. प्रोबिंगची पद्धत त्यानंतर.