"फक्त शुद्धलेखन बघा" म्हणे!

एजन्सीवाले बेळगावातल्या एका दवाखान्याची डिस्चार्जची माहितीपत्रकं मराठीत करून घेतात. म्हणजे मशीनमधून काढतात आणि आमच्याकडे ढकलतात. सोबत ठरलेला निरोप: "भाषांतर झालंय, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून सोडा." वर मूळ इंग्रजी मागितलं की यांच्या कपाळाला आठ्या. अरे, मूळ समोर नसताना मी काय तपासू, वेलांट्या?

परवाचंच पत्रक घ्या. आमवाताचा पेशंट, औषध मेथोट्रेक्सेट. ही गोळी आमवाताला आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, जिवावर बेततं. म्हणून तर डॉक्टरनं इंग्रजीत मुद्दाम ठासून लिहिलं होतं की आठवड्यातून एकदा घ्या, दिवसातून एकदा नको. मशीननं काय केलं? "आठवड्यातून एकदा, दिवसातून एकदा घ्या." तो 'नॉट' गिळला! आणि वाक्य कसं, गुळगुळीत. व्याकरणाची चूक शोधून सापडत नाही. शुद्धलेखन बघणारा माणूस यावरून अलगद घसरून पुढे जाणार.

खानापूरकडच्या खेड्यातली एखादी मावशी हे स्वतः वाचणार नाही, नातू वाचून दाखवणार. तो म्हणणार, "आज्जे, दिवसाला एकदा खा म्हणून लिवलंय की हितं." झालं!

एजन्सीचं उत्तर तर ऐका: "आमच्या सॉफ्टवेअरनं चेक केलंय, सगळं हिरवं आहे." हिरवं असणारच! ते सॉफ्टवेअर आकडे जुळवतं. मूळात 5 आहे, इकडे 5 आहे, पास. पण 'एकदा' हा आकडा अक्षरात लिहिलेला, तो त्याला दिसतच नाही. नकार मोजायचीही त्याला सोय आहे म्हणे. मूळात दोन, मराठीत दोन, हिशेब जुळला. अहो, कसा जुळला ते बघा ना! मूळात एक नकार गोळीच्या ओळीत होता, दुसरा फॉलिक ॲसिडच्या: मेथोट्रेक्सेटच्या दिवशी ते घेऊ नका. गोळीच्या ओळीतला मशीननं खाल्ला. खाली दारूसाठी इंग्रजीत 'अव्हॉइड' होतं, त्यात 'नॉट' नाही, पण मराठीत बरोबरच "दारू पिऊ नका" झालं. एक गेला, एक आला, बेरीज तीच.

म्हणून मी बेरीज करतच नाही. मराठी वाचायच्या आधी इंग्रजी घेऊन बसते आणि नॉट, नो, नेव्हर, अनलेस, विदाउट, अनटिल, अव्हॉइड, स्टॉप यातलं जे दिसेल त्याला लाल पेन्सिलीनं गोल करते. मग एकेका गोलाचा जोडीदार मराठीत त्याच ओळीत शोधते: नका, नये, नाही, शिवाय, टाळा. एकट्या राहिलेल्या गोलापाशी थांबते. 'अनलेस' आलं की दुप्पट सावध, कारण "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका" यात 'शिवाय' आणि 'नका' दोन्ही लागतात. त्यातलं 'नका' पडलं की उलटाच हुकूम होतो. आणि आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटाला येतो. इंग्रजीत एक 'नॉट' सुरुवातीला बसून तोडू, चावू, कुटू सगळ्यांवर राज्य करतो. मशीन तिन्ही क्रियापदं ओळीनं लावून शेवटच्यालाच 'नका' जोडतं, मग पहिल्या दोघांची परवानगी मिळते.

आकड्यांचं म्हणाल तर त्याच पत्रकात "25 मिग्रॅच्या तीन गोळ्या, एकूण 7.5 मिग्रॅ" होतं. तीन पंचवीस पंचाहत्तर, शाळकरी पोरालाही कळेल! मूळ कागद स्कॅन करून त्याचा मजकूर काढला होता, त्यात 2.5 मधला टिंब गेला. मशीनला पंचवीसच मिळाले, त्यानं पंचवीसच लिहिले. सॉफ्टवेअरनंही त्या बिघडलेल्या मजकुराशीच ताडून हिरवं दाखवलं. म्हणून मी गोळीची ताकद गुणिले संख्या करून बघते, आणि आकडा मूळ कागदाच्या फोटोवरून घेते, काढलेल्या मजकुरावरून नाही. मिग्रॅ की मायक्रोग्रॅम हेही तिथंच बघते, तिथं हजार पटीचा फरक असतो.

एवढं सगळं करायला एका पानाला वेळ लागतो. त्याचे पैसे मात्र ऱ्हस्व-दीर्घाचे, आणि वर "मॅडम, लवकर द्या, पेशंट दुपारी घरी निघणार." मग सकाळी द्यायचं की! आता सांगून टाकलंय: मूळ कागदाचा फोटो नसेल तर पत्रकावर 'तपासलं' म्हणून माझी सही नाही. त्यावर कालपासून फोन उचलत नाहीत.