कोंडा नव्हे, मेथी

काल रांगेत उभा होतो. मागच्या बाईंनी माझ्या कॉलरवरून काहीतरी चिमटीत उचललं आणि माझ्यादेखत त्याचा वास घेतला.

“कोंडा नाही हो हा,” पुढच्या तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “मेथी आहे!”

आदल्या दिवशी रात्रभर भिजवलेले दोन चमचे मेथीदाणे, अर्धी वाटी दही आणि एक अंडं मिक्सरमधून फिरवून मी पाऊण तास डोक्यावर थापलं होतं. हे बाईंना सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं.

“वाका जरा.” त्यांनी चष्मा चढवला. मी वाकलो. का वाकलो, याचा मला आजही राग येतोय.

“कोंडा बोटांत चोळला की तेलकट लागतो, भुगा होतो. हे बघा, कडक! साल आहे. गाळलं नव्हतं ना?”

“नाही.”

“फडक्यातून गाळायचं असतं. भिजलेल्या दाण्यातून बुळबुळीत गर सुटतो, तेवढाच कामाचा. आणि हे पापुद्रे? अख्खं अंडं घातलंत!”

पुढचे एक गृहस्थ वळले. “गरम पाण्यानं शिजलं असेल डोक्यावर.”

“अंडं शिजायला साठ अंशांच्या वर पाणी लागतं,” बाई कडाडल्या. “तेवढ्या पाण्यानं न्हाले असते तर आज रांगेत उभे नसते. पांढरं वाळून चिकटलंय ते. बलकच घ्यायचा, आणि वाळायच्या आत धुवायचं.”

खरं सांगायचं तर केस चमकले होते. मेथीचा गर आणि बलकातली चरबी केसावर पातळ थर धरतात, दह्याच्या सौम्य आंबटपणानं केसावरचे खवले जरा चापून बसतात, आणि उजेड नीट परततो. पण हे सगळं वरवरचं. अंड्यातली प्रथिनं केसात शिरायला फार मोठी असतात, त्यामुळे ‘मुळापासून पोषण’ वगैरे विसरा. वास जाईना म्हणून मी दोनदा शाम्पू केला, तेव्हा वासाआधी चमकच गेली.

कोंड्याचं तर विचारूच नका. टाळूवरच्या तेलावर जगणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्याला कारणीभूत असते, आणि दही-अंड्यानं ती काही मरत नाही. लेपानं पापुद्रे भिजून सुटतात, दोन दिवस डोकं स्वच्छ दिसतं, आपण खूश. तिसऱ्या दिवशी हजेरी. त्यावर दोन टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून, दोन ते चार आठवडे लावायचा असतो. पण त्यात मिक्सर घासायला लागत नाही, म्हणून बहुधा तो कुणी आग्रहानं सुचवत नाही. माझा मिक्सर अजून वास मारतोय.

माझा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं फॉर्म ओढला, त्यावर पडलेला एक पांढरा कण बोटानं दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. कण चुरगळला होता.

“हा मात्र कोंडा,” मागून आवाज आला.