मोठ्या क्लेमचं पत्र बिघडवावं कसं

तुम्ही विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहात आणि नेहमीच्या दहापट आकड्याचं एक बिल तुमच्या टेबलावर येऊन पडलं आहे. अभिनंदन! बिल वाचत बसू नका. आकडा पाहिला, भुवया चढल्या, एवढा तपास पुष्कळ झाला. पान तीनवर काय लिहिलंय आणि पान अकरावर काय, हे बघणारे लोक आयुष्यात पुढे जात नाहीत. आता हॉस्पिटलला पत्र पाठवायचं आणि ते एका वाक्यात आटपायचं: ‘सदर दावा असामान्य रकमेचा असल्याने रुग्णाच्या उपचारांची संपूर्ण कागदपत्रे व सर्व तपासण्यांचे अहवाल तातडीने सादर करावेत.’

या वाक्याचं सौंदर्य असं, की त्यात एकही प्रश्न नाही. प्रश्न विचारला तर उत्तर येण्याचा धोका असतो.

पत्र ‘मा. व्यवस्थापक’ यांच्या नावे धाडा. मेडिकल रेकॉर्ड विभाग नावाची एक खोली असते आणि फाइल तिथेच असते, हे आपल्याला ठाऊक असल्याचं दाखवू नका. रुग्णाचा इनडोअर नंबर लिहू नका, नुसतं नाव पुरे. त्या नावाचे आणखी चार जण निघाले तर तेवढेच दिवस मिळतात. रुग्णाचं किंवा नातेवाइकांचं संमतिपत्र तर मुळीच जोडू नका. मग हॉस्पिटल ‘संमतीशिवाय कागद देता येत नाहीत’ असं कळवेल आणि तुम्हाला फाइलवर ‘हॉस्पिटलचे असहकार्य’ असा सुबक शेरा मारता येईल.

तरीही काही हॉस्पिटलं कागद पाठवतातच. घाबरू नका. ‘संपूर्ण’ मागितलंत, तर ‘संपूर्ण’च येतं: सातआठशे पानं, क्रमांक न घातलेली, आहारतक्ता, संमतीचे फॉर्म, तीन वेळा छापलेला एकच रक्ताचा रिपोर्ट. आयसीयूचा चोवीस तासांचा नर्सिंग चार्ट मात्र बऱ्याचदा मोठ्या कागदावर असतो. रेकॉर्ड विभागातला माणूस तो नेहमीच्या आकाराच्या झेरॉक्सवर टाकतो आणि उजवीकडचे रकाने कापले जातात. त्या रकान्यांत रात्र असते. म्हणजे रात्री बारानंतर कोणतं औषध किती वाजता गेलं, हे सोडून बाकी सगळं तुमच्या हाती येतं. तुम्ही काय लिहाल? ‘रात्रीची औषधे दिल्याची नोंद आढळत नाही.’ शाबास!

आता एक क्लेम घेऊन बघू, म्हणजे हात बसेल. पन्नास किलो वजनाचा रुग्ण. पायांत मुंग्या आल्या, दोन दिवसांत पाय उचलेनात, मग हात, मग गिळायला त्रास. निदान गुलेन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. चाळीस दिवस आयसीयू, त्यातले बरेच व्हेंटिलेटरवर. बिलात डोळ्यांत भरणारी ओळ एकच: इम्युनोग्लोब्युलिन, 5 ग्रॅमच्या 40 कुप्या.

हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, म्हणून महाग. त्याचा हिशेब मात्र शाळेतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. जीबीएसमध्ये नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला एकूण 2 ग्रॅम, सहसा पाच दिवसांत विभागून. पन्नास किलोला 100 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या वीस कुप्या, रोज चार. बिलात आहेत चाळीस. बरोब्बर दुप्पट.

इथे एखादा भाबडा अधिकारी लिहील: ‘भरतीवेळच्या नोंदीतलं वजन कळवा. औषधाचा इन्फ्युजन चार्ट, सुरू-बंद केल्याच्या वेळांसह, पाठवा. कुप्यांच्या बॅच नंबरची स्टिकर्स ज्या पानांवर लावली आहेत ती पानं पाठवा. दुसरा कोर्स दिला असल्यास तो कोणत्या दिवशी आणि का, हे दाखवणाऱ्या डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी पाठवा.’ चार वाक्यं, वीसपंचवीस पानं, आठवड्यात निकाल. असलं काही करू नका. आठवड्यात निकाल लागला तर तुमच्याकडे प्रलंबित काय उरणार?

त्यापेक्षा तपासण्यांच्या अहवालांवर झडप घाला. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट शोधा. जीबीएसमध्ये त्या पाण्यात प्रथिनं वाढलेली असतात आणि पेशी जवळपास वाढत नाहीत, एवढं कुठेतरी वाचलेलं असलं की झालं. आपल्या रुग्णाची तपासणी लक्षणं सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी झाली आणि प्रथिनं नॉर्मल आली. पहिल्या आठवड्यात ती नॉर्मल येणं अगदी सामान्य आहे आणि नसांच्या तपासणीचंही सुरुवातीला तसंच होऊ शकतं. पण हे वाक्य तुम्ही वाचलेल्या परिच्छेदाच्या पुढच्या परिच्छेदात होतं. तुम्ही तिथवर गेलाच नाहीत, तेव्हा बेधडक लिहा: ‘निदान अहवालाने सिद्ध होत नाही.’ निदान मुळात रुग्णाला तपासून होतं: अशक्तपणा खालून वर कसा चढला, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो की नाही. या नोंदी डॉक्टरांच्या हस्ताक्षरात असतात. आणि डॉक्टरांचं हस्ताक्षर वाचणं हे काही तुमच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही.

व्हेंटिलेटरबाबतही तसंच. ऑक्सिजन 97 टक्के असताना नळी का घातली, असा सणसणीत प्रश्न विचारा. या आजारात ऑक्सिजन अगदी शेवटी उतरतो; त्याआधी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून डॉक्टर रुग्णाला एका दमात जोरात फुंकायला लावून किती हवा बाहेर येते ते मोजतात. दर किलोला 20 मिलिलिटरच्या खाली, म्हणजे आपल्या रुग्णात एक लिटरच्या आत आकडा उतरला, की थांबण्यात धोका असतो. हे आकडे केस पेपरवर तारीखवार असतात: 1800, 1400, 950. तीन आकड्यांत अख्खी गोष्ट. तुम्ही ते मागितलेच नव्हते, कारण तुम्ही ‘सर्व’ मागितलं होतं.

मधल्या काळात कुणी फार घाई केली, तर जुना आजार शोधायला लागा. पत्राचा उद्देश बिलाचा खरेपणा तपासणं हा आहे, असं भोळ्या लोकांना वाटतं. बिल मोठं असलं की पॉलिसी घेण्यापूर्वीचं काहीतरी सापडलं पाहिजे, हा खरा शिरस्ता. भरतीच्या रात्री दीड वाजता घाबरलेल्या भाचीने निवासी डॉक्टरला ‘मामांना बीपी आहे, बरीच वर्षं’ असं सांगितलेलं असतं आणि त्याने दहा वर्षं लिहिलेलं असतं. सकाळी मुलगा येतो, दोन वर्षं सांगतो, गोळीची चिठ्ठी दाखवतो. दोन्ही नोंदी फाइलमध्ये असतात. तुम्ही कोणती उचलायची, हे मी सांगायला हवं का? जीबीएसचा बीपीच्या गोळीशी काय संबंध, हा प्रश्न मनात आला तर पाणी प्या.

तरीही एखाद्या दिवशी कोणीतरी वरिष्ठ बाई फाइल हातात घेतात आणि ती चार वाक्यं लिहूनच टाकतात. शिवाय खाली एक ओळ: ‘नर्सिंग चार्ट दोन झेरॉक्समध्ये घ्यावा, उजवी बाजू कापली जाते.’ अशा माणसांपासून सावध राहा, कारण मग असं होतं.

वजन पन्नास, जुळलं. पहिला कोर्स दुसऱ्या ते सहाव्या दिवशी, वीस स्टिकर्स, जुळली. बाराव्या दिवशीची नोंद: हात डोक्यापर्यंत उचलतो. पंधराव्या दिवशीची: हात पलंगावरून उचलता येत नाही. म्हणजे सुधारून पुन्हा घसरला. उपचारानंतर काही रुग्णांत असं होतं आणि तेव्हा पुन्हा औषध द्यायची पद्धत आहे. नुसतं ‘फरक पडत नाही’ म्हणून दुसरा कोर्स दिला असता, तर मात्र विचारायला जागा होती. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पहिल्या कोर्सनंतर लगेच दिलेल्या दुसऱ्या कोर्सचा गंभीर रुग्णांना फायदा दिसला नाही. उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर दुष्परिणाम वाढले. म्हणून ‘का दिला’ हे डिस्चार्ज समरीतल्या ‘इम्युनोग्लोब्युलिन दिले’ या दोन शब्दांवरून कळत नाही. त्यासाठी बाराव्या आणि पंधराव्या दिवसाची पानं लागतात.

दुसरा कोर्स सोळाव्या दिवशी सुरू. सोळा, सतरा, अठरा: रोज चार स्टिकर्स, बारा. एकोणिसाव्या दिवशी काहीच नाही. तपासण्यांच्या यादीत मात्र त्याच तारखेला पायाच्या शिरांचा डॉप्लर आहे. तो एरवी तुम्ही ‘अनावश्यक तपासणी’ म्हणून उडवला असता. रिपोर्टमध्ये पोटरीच्या शिरेत गुठळी. डॉक्टरांची नोंद: ‘इम्युनोग्लोब्युलिन थांबवा.’ वीस आणि बारा, बत्तीस. फार्मसीने कोर्सच्या सगळ्या कुप्या आधीच आयसीयूच्या नावे टाकल्या होत्या. न वापरलेल्या आठ परत गेल्या, पण परतीची नोंद अंतिम बिलात चढलीच नाही. हॉस्पिटलच्या हिशेब विभागाने चूक मान्य केली, आठ कुप्या वजा केल्या आणि उरलेला क्लेम मंजुरीला आला. बिल मोठं होतं, कारण आजार मोठा होता. आणि चूक होती, पण चोरी नव्हती. इतकं मिळमिळीत निघालं.

पण फाइल अजून तुमच्याकडून जायची आहे, धीर सोडू नका. हॉस्पिटलने पाठवलेली बत्तीस स्टिकर्स मोजा. कुपी फोडली की तिचं स्टिकर सोलून केस पेपरवर लावतात. मग शांतपणे नवं पत्र टाइप करा: ‘वजा केलेल्या आठ कुप्यांची मूळ स्टिकर्स केस पेपरवर आढळत नाहीत. ती सादर होईपर्यंत दावा प्रलंबित ठेवण्यात येत आहे.’