पीयू की रबर: देवास नाक्याच्या एका गोदामातला हिशोब

"रबराची चाकं आता फेकून द्या. पीयू चौपट टिकतं, दुप्पट वजन उचलतं आणि फरशीलाही काही होत नाही. ट्रॉली असो की फोर्कलिफ्ट, डोळे झाकून पीयूच बसवा." (इंदूरच्या गोदामवाल्यांमध्ये फिरत असलेला मेसेज)

आधी चौपटचं बघू. झीज मोजायची एक ठरलेली चाचणी आहे, आयएसओ ४६४९. मालाचा एक छोटा गोल तुकडा घेतात, तो सँडपेपर लावलेल्या फिरत्या ड्रमवर साधारण एक किलोच्या जोराने दाबतात, ४० मीटर घासतात आणि किती माल गेला ते मोजतात. इथे चांगला पॉलीयुरेथेन, म्हणजे आपला पीयू, साध्या रबराच्या कितीतरी पुढे असतो, आणि ते खरंच आहे. पण या चाचणीत तुकडा थंड असतो, ना कुठला खड्डा येतो ना गिट्टी, आणि ओझं तर नावापुरतंच. गोदामात घासून घासून संपलेलं पीयूचं चाक मला क्वचितच दिसतं. ते मरतं तुकडे उडून, नाहीतर मधल्या लोखंडी हबपासून सुटून. या दोन्ही मरणांची चाचणी त्या ड्रमवर होतच नाही.

देवास नाक्याच्या एका तेलाच्या गोदामाचं उदाहरण घ्या. तिथे सोयाबीन तेलाचे १५ किलोचे डबे चारचाकी ट्रॉलीवर हलवतात. डब्यासकट एक नग साधारण १६ किलोचा, ट्रॉलीवर ४० नग, म्हणजे ६४० किलो. ट्रॉलीचे ६० धरले की झाले ७००. मालकांनी सरळ चारने भागलं: १७५ किलो. जुन्या रबरी चाकावर १५० लिहिलेलं होतं, "थोडंच जास्त आहे, चालतंय" असा हिशोब. चाकं कडेने फुगली, भेगा पडल्या. मग ३०० किलोवाली पीयूची चाकं आणली, ती छान चालली आणि मालकांचा पक्का विश्वास बसला.

पण भागाकारच चुकला होता. फरशी कधी अगदी सपाट नसते, त्यामुळे चारपैकी एक चाक बऱ्याचदा जवळपास अधांतरी असतं. खात्री करायची तर भरलेली ट्रॉली उभी करा आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे पट्टी सहज आत जाते ते चाक आरामात आहे, बाकीचे तिघे त्याचं ओझं वाहतायत. म्हणून या धंद्यात एकूण वजन तीनने भागायची रीत आहे. ७०० भागिले तीन म्हणजे २३३ किलो. १५० च्या चाकावर २३३ टाकल्यावर रबर काय, कोणीही दमेल! मालकांनी माल बदलला म्हणून फायदा झाला असं नाही, क्षमता वाढवली म्हणून झाला. दोन इंच मोठं रबरी चाकसुद्धा तिथे चाललं असतं, फक्त ढकलणाऱ्या पोराला जोर जास्त लागला असता. त्याच मापात पीयू जवळपास दुप्पट पेलतं हे मी नाकारत नाही. पण ते तेव्हाच, जेव्हा खाली फरशी धड असते.

खरी गंमत यानंतरची. आत ट्रिमिक्सची गुळगुळीत फरशी, तिथल्या ट्रॉल्या मजेत. काही ट्रॉल्या मात्र शेडमधून बाहेर यार्डात ट्रकपर्यंत जात. वाटेत कोटा स्टोनचा पट्टा, त्याचे सांधे उखडलेले, पुढे काँक्रीटवर सांडलेली गिट्टी. चाकं तीच, एकाच लॉटची, वजनही तेच. पावसाळा सरेपर्यंत बाहेरच्या चाकांना नखाएवढे खळगे पडले, आणि एकाचा पीयू हबवरून गोल फिरायला लागला. हब एकीकडे, कातडं दुसरीकडे.

असं का होतं? रबर मऊ असतं, गिट्टीचा खडा त्यात दबतो आणि चाक पुढे गेलं की सुटतो. ट्रॉलीच्या चाकांचा पीयू साधारण ९० ते ९५ शोअर ए कडकपणाचा असतो, तो खड्याला जागा देत नाही, मग त्याच जागी चीर पडते. चीर एकदा पडली की पुढच्या फेऱ्यांत तुकडा उडतो. शिवाय स्वस्त पीयू बहुतेक पॉलिएस्टर जातीचा असतो, त्याला उष्णता आणि ओल एकत्र सोसत नाही. तो हळूहळू चिकट होऊन कमजोर पडतो. ओल्या जागेसाठी पॉलिईथर जातीचा घ्यायचा, पण दुकानात हे कोणी विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

आता फरशीचं. पीयू काळे डाग पाडत नाही, एवढं मान्य. पण कडक चाक टेकतं कमी जागेवर, म्हणून त्या जागेवर दाब जास्त येतो. काँक्रीटच्या सांध्याची कड यानेच तुटते, आणि तुटलेली कड मग चाकालाच कापते. पॅलेट ट्रकचे पुढचे छोटे रोलर यात सगळ्यात जास्त भोगतात. समजा डॉकच्या पट्टीशी २५ मिलिमीटरची फट आहे. ८० मिलिमीटरचा रोलर त्यात जवळपास २ मिलिमीटर खाली बसतो, २०० मिलिमीटरचं चाक एक मिलिमीटरही नाही. दीड टनाचा पॅलेट दिवसभर त्या फटीवर आपटत असेल तर रोलर कशाचा आहे याने फार फरक पडत नाही. आधी फट भरा.

राहिला फोर्कलिफ्ट, आणि इथे तो मेसेज सरळ धोक्याचा आहे. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन चार टनांच्या वर असतं. तीन टन माल उचलला की एकूण सात टनांपैकी बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो, एकेकावर तीन टनांच्या आसपास. त्यात यार्डाची लांब धाव. दर फेऱ्याला चाक दबतं, सुटतं, आणि आतून तापतं. पीयू उष्णता बाहेर लवकर सोडत नाही. आतलं तापमान ७०-८० अंशांपुढे गेलं की साधा पीयू मऊ पडतो आणि हबची पकड सुटू लागते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४० च्या पुढे असतं, तापलेल्या काँक्रीटचं तर विचारूच नका. वर ओल्या रॅम्पवर कडक पीयू घसरतो, आणि भरलेला फोर्कलिफ्ट घसरला की तो प्रश्न चाकाच्या खर्चाचा उरत नाही. म्हणून यार्डात चालणाऱ्या गाडीला सॉलिड रबरी टायर. तो थरांचा असतो: तळाशी तारा घातलेला कडक थर, मध्ये लवचिक, वर झिजायचा. पीयूची जागा आतल्या बॅटरीवाल्या रीच ट्रकवर आणि स्टॅकरवर: चाक लहान, फरशी घोटीव, पाऊस नाही.

खरेदीआधी जुनं चाक काढून नीट बघा, तेच बरंचसं सांगतं. कडेने फुगलेलं, भेगाळलेलं रबर म्हणजे वजन जास्त झालं. पीयूत खळगे असतील तर वाटेत गिट्टी किंवा तुटका सांधा आहे. पीयू हबपासून सुटला असेल तर उष्णता, जास्त वजन किंवा चिकटवण्यात खोट. एकाच जागी सपाट झालेलं असेल तर भरलेली ट्रॉली रात्रभर किंवा रविवारभर तशीच उभी राहते, ती रिकामी करून ठेवा. आणि रबर फुगून मऊ, लगदा झालं असेल तर त्यावर तेल सांडतंय. तेवढ्या एका कारणासाठी मात्र पीयू घ्या. तेलाच्या गोदामात आतल्या ट्रॉल्यांना मीही पीयूच सांगतो.