कानाचा फोटो आणि दहाचे नाणे

लातूरच्या सराफ्यातील एका दुकानात कानातले घ्यायला गेले असता तेथील विक्रेत्या मुलाने हातभर अंतरावरून माझा फोटो काढला, तो पडद्यावर मोठा केला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "मॅडमचा चेहरा उभट आहे, कान बारीक आहेत, मोठे झुमकेच उठून दिसतील." माझा चेहरा गोल आणि कान ऐसपैस, हे आमच्या घराण्यात आजीपासून चालत आलेले दुःख आहे. ते एका फोटोने पुसले जाणार असेल तर आनंदच होता, पण पैसे झुमक्यांचे मोजायचे होते आणि ते माझे होते.

दोष त्या मुलाच्या नजरेचा नसून अंतराचा होता. फोन चेहऱ्याच्या जवळ असला की नाकाचे टोक कॅमेऱ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर आणि कान मात्र पन्नासच्या पुढे राहतात; त्यामुळे फोटोत नाकाच्या मानाने कान जवळजवळ पाचव्या हिश्शाने लहान दिसतात, गाल मागे सरतात आणि गोल चेहरा लांबट भासतो. हाच फोटो पाच फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून, थोडा झूम करून काढला की हा फरक नगण्य होतो. म्हणून मी केस मागे बांधले, पाच फूट मागे सरकले आणि मापासाठी कानाच्या पाळीलगत दहा रुपयांचे नाणे धरले, कारण त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो.

येथे बायकोची बोरमाळ गाठवून घ्यायला आलेले एक पटकेवाले काका, जे तोवर माझ्या फोटोकडे माझ्यापेक्षा अधिक आस्थेने पाहत होते, खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "ताई, दहाचं नाणं चालत न्हाई आपल्याकडं."

"मला ते चालवायचे नाही, काका, मोजायला धरले आहे."

"मोजायला तर मोजायला, पण खोटं निघालं मंजे? मंग कान बी खोटाच निघंल की."

रिझर्व्ह बँकेने ही नाणी वैध असल्याचे पुन्हा पुन्हा जाहीर केले आहे, असे मी सांगितले. त्यावर काकांनी "बँक कुठं भाजी इकायलीय?" असा बिनतोड प्रश्न केला, आणि विक्रेत्या मुलानेही दुकानात ते घेत नसल्याचे अदबीने कळवले. लाखाचे सोने माझ्यापुढे मांडणाऱ्या माणसाला माझ्या दहा रुपयांचा भरवसा नव्हता. काकांनी मग माझ्या कानाकडे बोट दाखवून, "पाळी चिकटलेली हाय, आमच्या म्हातारीची अशीच व्हती, तिचं भोक वघळून चिरलं," असा इतिहासही जोडला. राग यायचे कारण एवढेच की त्यांचे निरीक्षण बरोबर होते.

नव्या फोटोत पाळी खालून गालाला जोडलेली स्पष्ट दिसत होती आणि भोकापासून खालची कड नाण्याच्या जेमतेम पाव भागाएवढी, म्हणजे सुमारे सात मिलिमीटर होती. भोकाच्या मधोमध बसणाऱ्या गोल कुडीचा व्यास याच्या दुपटीपेक्षा, म्हणजे चौदा मिलिमीटरपेक्षा, मोठा असला की ती पाळीच्या खाली डोकावते आणि आधार नसल्याने पुढे झुकते. चेहऱ्याची रुंदी व लांबी पडद्यावर मोजली तर प्रमाण पाचास सहा निघाले, म्हणजे गोलच. गोल चेहऱ्याला रुंद, गालाच्या फुगीर भागाशीच थांबणारे झुमके आणखी गोल करतात. त्याला रुंदीपेक्षा लांबी जास्त असलेले, जबड्याच्या कोनाखाली टोक जाणारे लोंबते लागते.

अर्थात चेहरा लांबी मागत होता आणि पाळी वजन नाकारत होती, हा खरा तिढा, आणि समोरून काढलेल्या कोणत्याही फोटोत वजन दिसत नाही. मी बारा मिलिमीटरची मोत्यांची कुडी, तिच्याखाली अरुंद, पोकळ लोलक आणि भार केसांत अडकवणारे वेल अशी जोडी मागितली, शिवाय मागची फिरकी रुंद चकतीची. मुलाने "असं कोणी घेत नाही" म्हणत तेच झुमके पुन्हा पुढे सरकवले. वजन विचारल्यावर मात्र जोडीचे सांगितले, एका कानाचे नाही, आणि त्यातले खडे सोन्याच्या भावातच धरलेले निघाले. हा प्रकार फोटोपेक्षा जुना आहे आणि त्याची तक्रार करायला गेले की दुकानदार चहा मागवतात.

जोडी घडवायला टाकली. घडणावळ आगाऊ घेतली, त्यात दहाची दोन नाणी मी मुद्दाम दिली, ती परत आली.