दर वाढला, एनपीव्ही पडला: तुर्भे शीतगृहाचा हिशोब

«दर फक्त २ टक्क्यांनी वाढवला, तर एनपीव्हीही २ टक्क्यांच्या आसपासच घटायला हवा. तो ६७ लाखांवरून थेट उणे ६ लाखांवर आला. म्हणजे एक तर शीट चुकलंय, नाहीतर तुर्भ्याचा प्रकल्पच बिघडलाय.»

नमस्कार मॅडम,

कालपासून महापे ऑफिसमध्ये सगळ्यांच्या तोंडी हेच आहे, म्हणून लेखी उत्तर देते.

आधी ते २ टक्के. दर १० वरून १२ वर गेला आणि तो दरवर्षी चक्रवाढीने लागतो. आपण आज १० कोटी घालतो आणि ८ वर्षं दरवर्षी २ कोटी येतील असं धरलंय. पहिल्या वर्षाच्या २ कोटींचं आजचं मूल्य जेमतेम ३ लाखांनी कमी झालं. आठव्या वर्षाच्या २ कोटींचं मात्र ९३ लाखांवरून ८१ लाखांवर आलं. जितका पैसा उशिरा, तितकी त्याला झळ जास्त.

आठही वर्षं मिळून आवक १०.६७ कोटींवरून ९.९४ कोटींवर आली, म्हणजे घट साधारण ७ टक्के. पण गुंतवणुकीचे १० कोटी आजच द्यायचे असल्याने ते जागचे हलत नाहीत. त्यामुळे सगळे ७३ लाख वरच्या ६७ लाखांच्या पातळ थरातून गेले. एनपीव्ही किती टक्क्यांनी पडला हे मोजण्यात म्हणूनच अर्थ नाही. रुपयांत बघायला हवं.

शीट मी तपासलं. एक्सेलचं हे फंक्शन पहिली रक्कम वर्षअखेरीची धरतं, म्हणून गुंतवणूक त्याच्या बाहेर ठेवावी लागते. आपल्याकडे ती तशीच आहे:

```
=NPV(12%,C5:C12)+C4
```

C4 मध्ये ती उणे चिन्हासह आहे. चुकून आत गेली असती, तरी उत्तराला फक्त १.१२ ने भाग गेला असता, चिन्ह बदललं नसतं.

प्रकल्प बिघडलाय हेही मला पटत नाही. आयआरआर आधी ११.८ टक्के होता, आजही तेवढाच आहे, कारण आवकीचा एकही आकडा बदललेला नाही. आपण मागतो तो परतावाच आता त्याच्या वर गेलाय.

खरी शंका घ्यायची तर वेगळ्या जागी घ्यावी. १२ टक्के हा महागाई धरून काढलेला दर आहे, आणि २ कोटी मात्र आठही वर्षं सपाट ठेवलेत. भाडेकरारात वाढीचं कलम असेल तर ही जोडी जुळत नाही. वीजबिल आणि पगारवाढ वजा जाऊनही निव्वळ आवक दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढली, तर १२ टक्क्यांवरसुद्धा एनपीव्ही सुमारे ८५ लाख येतो. हा बदल मी अजून शीटमध्ये घातलेला नाही, कारण करार पाहिल्याशिवाय तो घालणं योग्य नाही.

तुर्भे टीमकडून करारांच्या प्रती मागवून द्याल का? वाढीचं कलम नसेल, तर १२ टक्क्यांवर माझी शिफारस नकाराचीच राहील.