३४ लिटर कुठून आले, त्या प्रतिक्रियेला उत्तर

विमानाच्या केबिनमध्ये न्यायच्या चाकांच्या बॅगेवर मी लेख लिहिला होता. बॅग बाहेरून ५५ × ३५ × २३ सेंटीमीटर, लेबलवर ४० लिटर, पण आत ३४ लिटरच मावतात, असं त्यात होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"५५ × ३५ × २३ चा गुणाकार ४४ लिटर येतो, लेबलवर ४० लिहिलंय, आणि हे साहेब ३४ लिहितात. शाळेत गुणाकार शिकवला नव्हता का? कुठून तरी उचललेला लेख आहे. ६०० डेनिअर कापड हलकंच असतं. आणि एक्स्पांडरबद्दल एक अक्षर नाही."

नमस्कार. चूक दाखवायची असेल तर दाखवा की, कोण नको म्हणतंय, पण 'उचललेला लेख' हे शब्द मला लागले. नवी पेठेत बावीस वर्षं बॅगा दुरुस्त करतोय, चाकं बदलतो, स्लायडर बदलतो, फाटलेलं अस्तर शिवतो. बॅग आतून कशी असते हे मला उचलून आणायची गरज नाही. तुम्ही माझ्या शाळेपर्यंत गेलात, एकदा बॅगेची चेन उघडून आत बघितलं असतंत तर बरं झालं असतं.

एक्स्पांडरचं राहिलं, ते मान्य. ती मधली चेन उघडली की त्या बॅगेची जाडी २३ ची २७ होते आणि इंडिगोची २५ ची मर्यादा तिथेच मोडते. लेखात टाकतो.

आता गुणाकार. ५५ हे माप चाकांसकट आहे, कारण विमानतळावरच्या त्या मापाच्या चौकटीत बॅग चाकांसकटच घालावी लागते. त्यातली साडेचार सेंटीमीटर नुसती चाकं. चाकांच्या उंचीत कपडे बसतात का? ती वजा करा, ५०.५ × ३५ × २३, येतात ४०.७ लिटर. म्हणजे लेबलवरचे ४० बहुतेक इथूनच आलेत, चाकं सोडून बाहेरून मापलेला ठोकळा. पण बॅग काही ठोकळा नसते, कोपरे गोल असतात, कापडाच्या आत फोम आणि पुठ्ठा असतो, आणि पाठीच्या बाजूला ओढायच्या दांड्याच्या दोन नळ्या अस्तराखालून खालपर्यंत जातात. रिकाम्या बॅगेच्या तळावर हात फिरवा, दोन उंचवटे लागतील, तीच ती.

आणि मी गुणाकार केलाच नव्हता, भरून मोजलं होतं. एक लिटरचं माप घेतलं, चुरमुऱ्याचं पोतं आणलं, बॅग आडवी ठेवून माप माप ओतत गेलो, चुरमुरे दाबले नाहीत, नुसती बॅग हलवून कोपऱ्यात जाऊ दिले. चौतिसाव्या मापाला चेन फुगवटा न येता बंद झाली, पस्तिसावं टाकल्यावर झाकण वर आलं. परदेशात पाठीवरच्या बॅगांचे लिटर प्लास्टिकच्या बारीक गोळ्या भरून मोजतात, पद्धत तीच, माझ्याकडे चुरमुरे होते. बायको अजून अस्तरातून दाणे काढतीय.

लिटर आणि केबिनची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच तर लेखात लिहिलं होतं. इंडिगोची ५५ × ३५ × २५, एमिरेट्सची ५५ × ३८ × २२. दोन्हींची बेरीज ११५ च, पण तुमच्याच पद्धतीने गुणलं तर एकीचे ४८ लिटर, दुसरीचे ४६. ही २३ जाडीची बॅग इंडिगोत मापात बसते, एमिरेट्सला एक सेंटीमीटरने जास्त होते, आतले लिटर ३४ असले तरी. तिथे लिटर कोणी विचारत नाही, बॅग चौकटीत जाते की नाही एवढंच बघतात.

हे मी स्वतः पैसे भरून शिकलोय. पुण्याहून विमान होतं, नवीकोरी बॅग, लेबलवर ५५, मी विश्वास ठेवला. चौकटीत घातली तर वर चार बोटं बाहेर. लेबलवरचं ५५ चाकं सोडून होतं. रांगेत सगळ्यांसमोर बॅग खाली पाठवावी लागली, आणि आत दोन सोलापुरी चादरी होत्या म्हणून वजनही सात किलोच्या वर गेलं होतं.

कापडाचं म्हणाल तर माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते, सुताचा नंबर आमच्या घरात जेवताना बोलला जायचा. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बास. वीण विरळ असेल आणि आतलं कोटिंग सुटलेलं असेल तर १२०० डेनिअरही पाणी पितं, आणि घट्ट विणीच्या ६०० च्या बॅगा माझ्याकडे दहा-दहा वर्षांनी येतात त्या चाकासाठी किंवा चेनसाठी, कापड फाटलं म्हणून नाही. हलकं म्हणण्याआधी एवढं तरी बघायचं होतं.

बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत बसत नाही. तुमची बॅग भिंतीला उभी लावा, डोक्यावर सपाट वही ठेवा, वहीच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून पट्टी लावा. दांडा पूर्ण आत असू दे, चाकं जमिनीवर. येईल तो आकडा इथे लिहा, मग बोलू.